खंय चल्लास?

मराठी माणूस एक आहे, हे नाशिकच्या त्या सोसायटीत सहा वर्षं टिकलं. मग अमरावतीच्या वानखड्यांनी सिन्नरच्या सानपांना जावयासमोर विचारलं, "काय बे, जेवला काय?"

"बे? आमच्याकडं रामराम म्हणत्यात!" सानप भडकले.

"अबे, दोस्तालेच म्हंतो नं!"

कमिटीनं सगळ्यांना 'नमस्कार' ठरवून दिला. मालवणच्या परबांचं "खंय चल्लास?"ही त्यात बंद झालं. खरं तर त्या 'कुठं निघालास'ला "हंयच", म्हणजे इथंच, एवढंच उत्तर लागतं. पत्ता कोण सांगतो? तरी परबांना जिना मुका वाटे.

परवा वानखडे दोन बॅगा घेऊन उतरले. परबांनी जिभेवरचा प्रश्न गिळला.

"नमस्कार."

"नमस्कार."

वानखडे फ्लॅट विकून अमरावतीला गेल्याचं परबांना वॉचमननं सांगितलं.