उरलेली अक्षरं

"आधी मला हरवा, मग लग्नाचं बोला," मुलीचे वडील तिला मागणी घालायला आलेल्या मुलाला म्हणाले. शब्दशोधात, म्हणजे अक्षरांच्या चौकटीत लपलेले शब्द शोधून खोडण्यात, ते घरातले अजिंक्यवीर होते. घरात दुसरं कुणी खेळत नसे. मुलीने स्वतः तयार केलेल्या कोड्याची एकेक प्रत दोघांपुढे ठेवली. सगळे शब्द आधी खोडेल तो जिंकणार होता.

मुलगा भराभर शब्द खोडू लागला. आडवे, उभे शब्द संपले. 'गालिचा' तेवढा सापडेना. तो तिरका आणि उलटा लपला होता, शिवाय त्यातला 'चा' दुसऱ्या शब्दात आधीच खोडला गेला होता. अखेर सापडला! 'झालं' म्हणणार, तोच न खोडलेल्या घरांकडे लक्ष गेलं. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे त्याने वाचलं: बा, बां, ना, जिं, कू, दे.

त्याने मुलीकडे पाहिलं. ती पंखा बघत होती. तो पेन्सिलीने डोकं खाजवत बसला.

"झालं!" वडील गरजले. मग त्यांचं बोट उरलेल्या अक्षरांवरून सरकत गेलं आणि शेवटच्या घरावर थांबलं.

"या अक्षरांना काही अर्थ नाही," कागदाची घडी खिशात घालत ते म्हणाले. "जावईबापू, चहा घेणार ना?"