नैर्ऋत्येचा वारा

“बाबा, वारा सुटला! नैर्ऋत्येचा हाय. आम्ही घरी येताव!”

भर समुद्रातून, सॅटेलाइट फोनवरून धनेशचा आवाज आला आणि त्याच्या बायकोने, मृणालीने फोन सासऱ्यांच्या, काळूरामांच्या कानाशी धरला. कल्याणजवळच्या कोन गावातल्या घरात दोन महिन्यांनी कुणीतरी हसलं. ती मृणाली होती. काळूराम हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अठ्ठावीस मे.

धनेश आणि त्याच्या चार मित्रांनी दोरीने फळ्या शिवून गलबत बांधलं होतं. इंजिन नाही, नुसतं शीड. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातून जहाजं अरबस्तानाकडे जायची, तसंच जायचं. काळूराम जुने तांडेल, गलबत हाकणारे. त्यांनी बजावलं होतं, “मार्गशीर्षात निघा. तेव्हा वारा जमिनीवरून समुद्रात वाहतो, तो पलीकडं नेतो. फाल्गुनात तो मरतो.” पण उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळेना. गलबत निघालं मार्चच्या मध्यावर. एप्रिलमध्ये शीड लोंबू लागलं. मोबाइलच्या नकाशावरचा गलबताचा ठिपका दिवसाला जेमतेम पाच मैल सरके. जाणाऱ्या जहाजांनी पाणी दिलं. गलबत सोडून यायला पोरं तयार नव्हती.

“किती लांब हाव?” काळूरामांनी विचारलं.

“सहाशे मैल. वारा पाठीवर हाय, आठ दिवसांत पोचू.”

“म्हंजे पाच जूनला. पाऊस बी तवाच येल.” म्हाताऱ्याने पुन्हा कॅलेंडर पाहिलं. “ह्योच वारा रोज वाढत जानार, धनेश. तो तुला किनाऱ्याव आनील, पन थांबू देनार न्हाय. पुढं खडक, मागं वारा. शिडावर तोंड फिरवून परत जाता येनार न्हाय. जुनी मानसं उगाच दोन-तीन महिने बंदर बंद ठेवत नव्हती.”

“मग काय करू?”

“वारा डाव्या अंगाला घे. वायव्येला मस्कत गाठ. तिथं डोंगराच्या आड ह्यो वारा पोचत न्हाय. भादव्यात तो मऊ पडंल, तवा गलबत आन.”

“बाबा, पोरं घरी यायला रडतात…”

फोन बंद पडला. गलबतावरच्या फोनची बॅटरी उन्हावर चार्ज होई; ठिपका पाठवणारं यंत्र तेवढं वेगळं होतं. आता उद्यापर्यंत आवाज नाही.

घरापर्यंतचं अंतर पाचशे नव्वद मैल. पाचशे ऐंशी. ठिपका सरळ घराकडे येत होता. काळूराम उंबऱ्यावर बसून राहिले. चाळीस वर्षांची तांडेलकी, आणि सुकाणूपर्यंत हात पोचत नव्हता. इतके दिवस मृणाली हा आकडा कमी व्हावा म्हणून देवाला हात जोडत होती. आता तो कमी होताना तिला बघवेना.

दुपारी आकडा पाचशे सत्तरवर थांबला. बराच वेळ हललाच नाही.

मग पाचशे बाहत्तर झाला. पाचशे शहात्तर. ठिपका वायव्येला वळला होता.

“बाबा,” मृणाली रडत ओरडली, “लांब चाललेत ते!”