खोडलेली ओळ

“ही नको,” बॅरिस्टर म्हणाला आणि लाल पेनानं त्यानं पाचव्या ओळीवर आडवी रेघ मारली.

भोंग्यानं मान पुढे केली. “दिसला का रे, दिसला का? बॉल तुला दिसला का?” गोल खाल्लेल्या कुठल्याही गोलकीपरला म्हणावी अशी साधी ओळ होती. पण खोडलेल्या ओळीचं कारण विचारायचं नाही, हा दोघांचा करार होता.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कॉलेजांचे घोषणाप्रमुख चहाच्या टपरीवर भेटायचे. इंजिनिअरिंगचा भोंगा आणि लॉ कॉलेजचा बॅरिस्टर. एकमेकांच्या घोषणा वाचायच्या, म्हणजे उद्या तोडीस तोड उत्तर तयार ठेवता येतं. कुणाचं घर, कुणाचं शरीर, कुणाचा निकाल यांवर बोलायचं नाही. खोड्या काढायच्या, पण मोडतोड करायची नाही. गेल्याच आठवड्यात लॉच्या पोरांनी इंजिनिअरिंगच्या प्राचार्यांची खुर्ची पळवली होती. तिच्यावर खटला चालवला, तिला निर्दोष सोडलं आणि पॉलिश करून परत आणून ठेवली. खुद्द प्राचार्य पोट धरून हसले होते.

बाहेर पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी दोन्ही कॉलेजांत सात जन्मांचं वैर होतं.

बॅरिस्टरच्या कागदावर भोंग्यानं काही खोडलं नाही. “नट ढिले, बोल्ट ढिले, कंपास घेऊन मैदानात आले” हे वाचून तर त्यानं टाळीच दिली.

तो परत आला तेव्हा ड्रॉइंग हॉलमध्ये पोरं तालमीसाठी जमली होती. प्लास्टिकच्या पिंपावर ठेका धरून “वकीलसाहेब, तारीख घ्या! गोल झाला, तारीख घ्या!” चाललं होतं. पिंप वाजवणाऱ्या पोरानं भोंग्याच्या हातातला कागद ओढला.

“ही लाल रेघ कोणाची?”

भोंग्यानं गप्प बसायला हवं होतं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि शत्रूच्या गोटातली बातमी आपल्याकडे आहे हे मिरवायचा मोह त्याला आवरला नाही.

“त्यांच्या बॅरिस्टरची. झोंबली असणार, दुसरं काय!”

पोरं हसली. भोंगाही हसला. “पण ही म्हणायची नाही हं,” असं तो नंतर म्हणाला. तोवर हॉलमध्ये पिंपाचा आवाज सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी लॉ कॉलेजनं पहिला गोल केला. दोन्ही बाजूंनी घोषणा रंगल्या, कंपासवर इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा हसली. मग उत्तरार्धात डावीकडून एक साधा फटका आला. काही जोर नव्हता त्यात. लॉचा गोलकीपर जिराफ, ज्याच्या लांब हातांवर ते तीन वर्षं जिंकत आले होते, तो जागचा हललाच नाही. बॉल त्याच्या डाव्या बाजूनं आत गेला.

“दिसला का रे, दिसला का?” मागच्या रांगेतून कुणीतरी सुरू केलं.

भोंग्यानं कर्णा उचलून “तारीख घ्या” म्हटलं. कुणी साथ दिली नाही. पिंपानं नवा ठेका पकडला होता. तीनशे पोरं एका सुरात ओरडत होती, आणि पाच मिनिटांत पुन्हा डावीकडूनच दुसरा गोल झाला. भोंग्याच्या हातात कर्णा तसाच होता. गर्दीच्या पुढे उभं राहायचं तर गर्दी म्हणेल तेच म्हणावं लागतं. त्यानं कर्णा तोंडाला लावला.

“बॉल तुला दिसला का?”

जिराफनं इंजिनिअरिंगच्या बाजूला पाहिलंच नाही. तो स्वतःच्या कॉलेजच्या गर्दीकडे वळला. तिथं बॅरिस्टर उभा होता. जिराफ त्याच्याकडे बघत राहिला, मग हातमोजे काढून त्यानं गोलच्या जाळीत टाकले आणि तो मैदानाबाहेर चालू लागला.

समोरून आता घोषणेला उत्तर येईल म्हणून भोंगा वाट बघत होता. घोषणा आली नाही. पाण्याची बाटली आली, मग बूट, मग दगड. पिंप वाजवणाऱ्या पोराला कपाळावर सहा टाके पडले. लॉच्या दोघांचे हात मोडले. त्याच आठवड्यात दोन्ही प्राचार्यांनी सामना कायमचा बंद केल्याचं पत्र काढलं.

आठ दिवसांनी भोंगा लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. बॅरिस्टर पुस्तक उघडून बसला होता, पान मात्र उलटत नव्हता.

“मी तुझं नाव सोडून काही सांगितलं नव्हतं,” भोंगा म्हणाला. “तू खोडलीस, एवढंच बोललो.”

“तेवढंच पुरलं. दुखतं कुठं ते दाखवूनच ठेवलंस की.”

“पण होतं काय त्यात?”

बॅरिस्टरनं पुस्तक मिटलं. “त्याचा डावा डोळा गेलाय. उजवाही राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. कळलं असतं तर संघातून काढलं असतं. एक शेवटचा सामना खेळू दे म्हणाला.”

भोंगा म्हणाला, “मी त्याच्या घरी जातो. पाय धरतो. चूक माझी होती म्हणून सांगतो.”

“जाऊन आलो मी. त्यानं दार उघडलं नाही. आतूनच एक प्रश्न विचारला.”

“काय?”

“‘आईलासुद्धा सांगितलं नव्हतं रे मी. तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?’”