फोटोतला गळा

कौसरने फोटो पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला. चेहरा कुणाचाही असो, ब्लाउजचा गळा तिच्याच हातचा होता. त्यात तिळभर शंका उरली नव्हती.

सोबत चिपळूणच्या वेदिकाचं पत्र होतं. "कौसरताई, लग्नाच्या ब्लाउजला अगदी असाच गळा हवा. मला कसा दिसेल ते कळावं म्हणून स्टुडिओवाल्याकडून कॉम्प्युटरवर त्या बाईच्या जागी माझा चेहरा बसवून घेतलाय. एक फोटो पुढून, एक जवळून. मापाला जुना ब्लाउज पाठवतेय. पत्रिकाही आहे, नक्की या."

पत्रिकेवर नवऱ्यामुलाचं नाव होतं गुरुप्रसाद, राहणार मुंबई. पूर्णगडच्या गंगाचा नवराही गुरुप्रसाद, तोही मुंबईलाच, आणि आडनावसुद्धा तेच.

चार वर्षांपूर्वी, दोन हजार साली, गंगाच्या लग्नाचा ब्लाउज कापताना कौसरची कात्री निसटली होती. गळ्याचा उजवा घेर दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त गेला. मग चूक झाकायला तिने तिथे मण्यांचं फूल बसवलं. फोटोत फुलाच्या जागी नुसता पुसट डाग होता, पण वाकडा घेर तसाच होता.

या अल्ला, हे माझ्याच माथी का? सांगावं तर पंधरा दिवसांवर आलेलं लग्न मोडायचं. न सांगावं तर दोन पोरींचं वाटोळं. कौसरला घास गोड लागेना.

तरी काम सुरू केलं. चेहरा मोठा बसवल्यामुळे फोटोत मान आखूड दिसत होती, त्यावरून गळ्याची खोली मोजण्यात अर्थ नव्हता. तिने जुन्या ब्लाउजवरून खांदा घेतला, कागदाचा गळा कापला आणि नमुन्यासाठी मांजरपाटाच्या कापडावर कच्ची शिलाई मारली. खोली ठेवली सहा इंच.

बुधवारी वेदिका ट्रायलला आली. एकटीच.

"हलू नको हां." कौसर टाचण्या लावू लागली. "खांद्यावर ओढतंय काय?"

"नाही."

"वाकून बघ. पुढून उघडं पडतं?"

"नाही हो. अगदी फोटोसारखा झालाय."

"उजवा घेर तेवढा सरळ करते. फोटोत वाकडा दिसतो."

"राहू दे, ताई. तसाच हवा."

"वाकडा कसा ठेवू गो? वर फूल नसलं तर चूक डोळ्यांत..."

कौसरने जीभ चावली.

वेदिका सावकाश वळली. तिचे डोळे भरले होते.

"फूल मीच पुसून घेतलं," ती म्हणाली. "हा फोटो त्याच्या बॅगेत सापडला. म्हणाला, रत्नागिरीची चुलत बहीण आहे. कुणाची बदनामी नको म्हणून मी चेहरा बदलला. रत्नागिरीतल्या अकरा शिंप्यांना हेच पत्र गेलंय, ताई. फूल होतं हे ते शिवणारीलाच ठाऊक असणार. तुमच्याशिवाय फुलाचं नाव कुणी काढलं नाही."

तिने एकेक टाचणी काढून कौसरच्या तळहातावर ठेवली.

"ब्लाउज नको मला. तिचं नाव सांगा."