दोरीचं दुसरं टोक

नातीचं पत्र आजोबांनी तीनदा वाचलं, घडी घातली आणि परत उघडलं.

नात सैनिकी प्रशिक्षणाच्या चौथ्या महिन्यात होती. तिने लिहिलं होतं : 'कोठारावर दोघींचा पहारा होता. मध्ये तीस पावलांचं अंतर आणि दाट धुकं. तपासणीचा अधिकारी दोघींच्या मधून निघून थेट दाराशी पोचला. मी पावलं ऐकली, आमच्यामधली इशाऱ्याची दोरी दोनदा ओढली. पलीकडून उत्तर नाही. आता जोडीदारीण म्हणते, दोरी तिने ओढली आणि झोपले मी. सोमवारी चौकशी आहे. जी खोटी ठरेल ती घरी जाईल. तुमची नात म्हटल्यावर विश्वास माझ्यावरच ठेवतील. पण बोलताना जीभ अडखळू नये म्हणून दोन शब्द लिहा. थंडीने ओठ फुटलेत, बुटांनी टाचा सोलल्यात, साबण लागला की मनगटावरचा वळ चुरचुरतो. बाकी मजेत. कुंभआजोबांना सांगा, पहाऱ्यावर झोपणारी माणसं अजून जन्माला येतात.'

कुंभआजोबा खिडकीशी बसून सूनबाईंच्या चपलेला टाका घालत होते. खाली त्यांचं चांभारकामाचं दुकान होतं; दुपारचा चहा मात्र वर, जुन्या जोडीदाराकडे. पलटणीतून काढलं तेव्हा चिकटलेलं कुंभकर्ण हे नाव चाळीस वर्षं झाली तरी निघालं नव्हतं. खरं नाव सूनबाईंनाही ठाऊक नव्हतं. चहा ठेवताना त्या रोजच्यासारख्या म्हणाल्या, "काका, जागे आहात ना?" ते रोजच्यासारखे हसले.

आजोबांनी पत्रातलं वाचून दाखवलं. वळाची ओळ आली तेव्हा कुंभकर्णांची सुई क्षणभर थांबली. मग टाका पुढे गेला.

"काय लिहिणार?"

"शिस्तीचं. जोडीदारीचं."

"त्या दुसऱ्या पोरीलाही घर असेल," ते म्हणाले. "तेवढं ध्यानात ठेव."

आजोबा लिहू लागले.

'बाळ, शिस्त म्हणजे बुटाची चकाकी असं मला पहिले सहा महिने वाटायचं. पांघरुणाची घडी चमच्याच्या दांड्याने मोजायचो. बंदुकीच्या नळीतून तेलाची चिंधी ओढायची, मग कोरडी, आणि उस्तादांच्या पांढऱ्या रुमालावर डाग उठला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे कळलं, कुणी बघत नसताना जे करतो ती शिस्त. रुमालासमोर काय, सगळेच स्वच्छ.

जोडीदारी पायापासून सुरू होते. मुक्कामाला पोचलं की आधी जोडीदाराचे तळवे बघायचे, फोड असेल तर त्याची पाठपिशवी आपण घ्यायची, मग स्वतःचे बूट काढायचे. पाण्याचा शेवटचा घोट त्याचा. माझा जोडीदार मला तो घोट द्यायचा आणि तहान नाही म्हणायचा. शुद्ध थाप.

पहाऱ्यावर बोलायची बंदी, म्हणून दोघांमध्ये दोरी. एक ओढ म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे कुणी येतंय. मिळाल्या तेवढ्याच ओढी परत द्यायच्या. उत्तर नाही आलं तरी जागा सोडायची नाही. दोरी कशी धरायची ते उस्तादांनी गाण्यात बसवलं होतं :

मुठीत दोरी, जागी स्वारी;
मनगटी दोरी, झोपेची तयारी.

मूठ झोपेत सुटते, म्हणून मुठीतली दोरी माणसाला जागं ठेवते. मनगटाला गाठ मारतो तो डुलकी काढायच्या बेतात असतो; म्हणतो, जोडीदार ओढेल, मी उठेन. कधी कधी तो उठत नाही. जोडीदार वेड्यासारखा ओढत राहतो आणि सुतळी कातडीत रुतते.

आमच्याही वेळी धुकंच होतं. चौकशीत मी ताठ उभा राहून म्हणालो, दोनदा ओढली, उत्तर आलं नाही. माझे बूट सगळ्यात चकचकीत, त्यामुळे कुणी दुसरं विचारलंच नाही. जोडीदाराला विचारलं तर तो गप्प. पट्टे उतरवून त्याला त्याच दिवशी फाटकाबाहेर सोडलं. मी पुढे बढती घेतली, निवृत्त झालो, तुला मांडीवर बसवून त्याच्या झोपेच्या गोष्टी सांगितल्या आणि तू खिदळलीस.'

लेखणी थांबली. सूनबाई कपबश्या घेऊन आत गेल्या. आजोबांनी आणखी चार ओळी लिहिल्या. एरवी ते पत्र चिकटवून कुंभकर्णांकडे टपालात टाकायला देत. आज उघडंच पुढे केलं.

"आधी तू वाच."

कुंभकर्णांनी सुई चपलेत टोचून ठेवली, चष्मा पुसला आणि वाचत वाचत शेवटाशी आले.

'सोमवारी उभी राहशील तेव्हा बाही वर कर आणि खरं ते सांग. घरी यावं लागलं तर ये, मी फाटकाशी उभा असेन. आणि कुंभआजोबांची माफी आपण दोघं मिळून मागू. कारण त्या दिवशी वळ त्याच्या नाही, माझ्या मनगटावर होता.'