अर्धी लाज

दाढ काढून कामावर आलो तेव्हा अर्धा चेहरा बधिर होता. म्हटलं, दुकानातल्या तिला आजच विचारावं. लाज वाटली तरी अर्धीच वाटेल. चष्म्यांच्या दुकानात मी काचा घासतो, ती डोळे तपासते. गिऱ्हाईक गेल्यावर, दाराची वाट न अडवता बाजूला उभा राहिलो. “रविवारी जुन्या घड्याळांचं प्रदर्शन बघायला याल? तुम्ही आवडता मला. नको असेल तर नुसतं नाही म्हणा, कारण सांगू नका.” “छान विचारलंत. पण नाही.” “चालेल. स्पष्ट सांगितलंत, बरं केलंत.” मी हसलो, पण उजवीकडेच. हनुवटीवर थेंब ओघळला. “अहो, रडताय?” “नाही, लाळ आहे.” तिनं काच पुसायचं फडकं दिलं. “वाईट वाटलं?” “वाटेल. माझं मी बघतो.” तिनं रोजच्यासारखं विचारलं, “दुपारच्या काचा?” “चारपर्यंत देतो,” मी म्हणालो. ‘नाही’ ऐकल्यावरही रोजच्यासारखं म्हणता यावं, म्हणून आठवडाभर आरशासमोर मी एवढंच वाक्य घोकलं होतं.