नुसतं अण्णा म्हण

आपट्याची पानं भरमूच्या मुठीत घामानं ओली झाली होती. सोनं द्यायला आलेली शेजारची मंडळी अंजनीच्या अंगणातून बाहेर पडली. घरातले आत देवापाशी होते. उंबऱ्यावर ती एकटी होती.

वेळ त्यानं पारखून निवडली होती. अंजनी रोज सकाळी सुताच्या कांड्या भरून त्याच्या हातमागावर आणून द्यायची आणि रिकाम्या कांड्या मिळेपर्यंत तिथंच बसायची. तिथं बोललं असतं, तर मनात नसतानाही तिला समोर बसून राहावं लागलं असतं. दसऱ्याला कुणीच कुणाच्या दारात थांबत नाही. सोनं द्यायचं, हसायचं, पुढचं घर गाठायचं. शिवाय आज शहापुरातले सगळे माग पूजेला बसलेले. उद्या ते पुन्हा खडखडणार. कामाच्या गडबडीत अवघडलेपण टिकत नाही.

शब्दांना जास्त वेळ लागला होता. 'तुझ्याबिगर करमत न्हाय' त्यानं आधीच गाळलं. आपलं ओझं तिच्या डोक्यावर कशाला? मग 'लगीन' गाळलं. ते म्हटलं की वडीलधारे मध्ये येतात. शेवटी 'मी तुला आवडतो का?' गाळलं. विचारलं की उत्तर देणं आलं. उरलं ते एका दमात बोलण्याजोगं होतं.

"सोनं घे, अंजनी. तू मला लई आवडतीस." आवाज कापला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. "मनात नसलं तर उद्या थोरल्या भावाला म्हणत्यात तसं नुसतं अण्णा म्हण. झालं! मी पुन्यांदा इषय काढणार न्हाय. कांड्या मातर आणत जा."

"अरं, थांब की—"

पण तो गल्लीच्या टोकाला पोचलासुद्धा होता.

सकाळी त्याची आई यशोदाबाई मागाशेजारी सूत उकलत बसली होती. धोटा इकडून तिकडे पळत होता आणि भरमूचे कान दाराकडे होते. अंजनीचं बोलणं ठरलेलं असे. आल्यावर, "भरमू, कांड्या घे." जाताना आईला, "काकू, येते गं."

ती आली. टोपली मागाजवळ ठेवली. ती 'भरमू' म्हणाली नाही. 'अण्णा'ही म्हणाली नाही. त्यानं दोनच शब्दांची तयारी केली होती; दोन्ही आले नाहीत. फणीचा ठोका चुकला, एक धागा तटकन तुटला.

अंजनी सरळ यशोदाबाईपुढं गेली. डोक्यावरून पदर घेतला, ओच्यातून आपट्याची पानं काढली आणि खाली वाकून म्हणाली,

"आत्याबाई, ह्यास्नी सांगा, काल सोनं देऊन पळून गेले. माझं घ्यायचं ऱ्हायलंय."